भिंतीलगतची फट बुजवू नका

"जमिनीवर अंथरायची पट्टी लॅमिनेटची असो, एसपीसीची असो, भिंतीला अगदी घट्ट भिडवून बसवून घ्या. कडेला फट सोडणं ही मिस्त्रीची कामचुकारी. त्यातून मुंग्या-झुरळं येतात. हल्लीचा माल वॉटरप्रूफ आहे, फुगत नाही. कपाट ठेवलं की जमीन हलतही नाही. फट राहिलीच तर पांढरं सिमेंट भरून टाका." असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

लॅमिनेटच्या पट्टीत मधला जाड थर असतो तो दाबलेल्या लाकडी भुशाचा. वरचा थर पाण्याचे थेंब अडवतो, पण हवेतला दमटपणा भुशात शिरतोच. एप्रिलमध्ये बेळगावात हवा कोरडी असते, जुलैत पंधरा-पंधरा दिवस कपडे वाळत नाहीत. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात तर त्याहून जास्त. या फरकाने पट्टी दर मीटरला साधारण एक मिमी वाढते असं धरलं, तर ६ मीटर लांबीच्या हॉलमध्ये पूर्ण जमीन ६ मिमी लांबते. ती खाली चिकटवलेली नसते, नुसती फोमवर अंथरलेली आणि एकमेकींत अडकवलेली असते. दोन्ही टोकांना १० मिमी मोकळी जागा असेल तर ती गुपचूप सरकते, घरातल्यांना कळतही नाही.

जागा नसेल तर ती वर उठते, आणि किती उठते हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन मीटरच्या तुकड्यात फक्त १ मिमी लांबी जादा झाली आणि दोन्ही टोकं अडली, तर गणिताने मधला भाग सुमारे २७ मिमी वर यायला हवा. प्रत्यक्षात थोडं दाबात आणि सांध्यांत जिरतं, म्हणून उंचवटा त्याहून कमी दिसतो. तरी पाय ठेवला की दबतो आणि पोकळ आवाज येतो. पुढे पट्ट्यांच्या कडेचे खाचे तुटले, तर पाऊस सरल्यावर जमीन खाली बसते, पण सांधे पुन्हा नीट धरत नाहीत.

एसपीसी पाण्याने फुगत नाही, एवढं खरं. त्यात चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी असते, आणि पीव्हीसी उन्हाने वाढतं. पश्चिमेच्या मोठ्या काचेखाली दुपारी तापणारा भाग हाताला चटका देतो. तिथेच आधी सांधे वर येतात. म्हणून त्यालाही ६ ते ८ मिमी सोडावे, खोक्यावर याहून जास्त लिहिलं असेल तर तेवढं. सरसकट गोंदाने चिकटवलेल्या व्हिनाइलचा हिशेब वेगळा, ते एवढं सरकत नाही. अस्सल सागवानी पट्टी मात्र लांबीत जवळजवळ स्थिर राहते आणि रुंदीत हलते, म्हणून तिथे आडव्या बाजूची फट जास्त महत्त्वाची.

कपाटाचं म्हणाल तर ते उलट काम करतं. पलंग, सोफा खुशाल ठेवा. पण भिंतीला ठोकलेलं छतापर्यंतचं कपाट पट्ट्यांवर बसवलं, की ती बाजू जखडते आणि सगळी वाढ समोरच्या भिंतीकडे जाते. समोरही तसंच काही असेल तर मध्ये उंचवटा ठरलेला. असं कपाट आधी उभं करा, जमीन त्याच्यापर्यंत आणा आणि तिथेही १० मिमी सोडा.

फट सगळ्यात जास्त चुकते ती दाराच्या चौकटीशी. भिंतीलगत पाचर लावून जागा राखली जाते, पण चौकटीभोवती पट्टी घट्ट कापून बसवतात. तेवढा एकच टेकलेला कोपरा अख्खी खोली अडवतो. लाकडी चौकट असेल तर पट्टीचा तुकडा फोमसकट उलटा ठेवून, त्या उंचीवर करवत चालवून चौकटीचा तळ कापावा आणि पट्टी आत सरकवावी; आतही हलायला जागा ठेवावी. आपल्याकडे भिंतीला आधीच टाइलची स्कर्टिंग असते. मोजायचं ते टाइलपासून, भिंतीपासून नाही. भिंत वाकडी असेल तर सर्वांत अरुंद जागी १० मिमी भरलं पाहिजे.

मुंग्यांचा बंदोबस्त फट बुजवून नाही, पट्टीने झाकून होतो. स्कर्टिंग किंवा गोल बीडिंग भिंतीलाच ठोकावं, खालच्या जमिनीला खिळा लागता कामा नये. १० मिमी फटीवर किमान १५ मिमी जाडीची पट्टी घ्या. जुलैत काम केलंत तर उन्हाळ्यात जमीन आक्रसून फट आणखी रुंदावते, तेव्हा १८ मिमीची बरी. सिमेंट तर सोडाच, कडक सिलिकॉनही भरू नका.

बसवलेली जमीन उठली असेल तर आधी स्कर्टिंग काढून कडा कुठे टेकली आहे ते पाहा. टेकलेल्या जागी १० मिमी कापा आणि दोन-तीन दिवस तशीच सोडा. सांधे तुटले नसतील तर बहुतेकदा ती आपोआप बसते. पण उंचवटा मोठा नसून फक्त सांध्याच्या कडा फुगून जाड झाल्या असतील, तर तिथे खालून किंवा वरून पाणी गेलं आहे. त्या पट्ट्या बदलाव्या लागतात, फट कितीही कापली तरी त्या खाली जात नाहीत.