रद्द केलेलं सर्टिफिकेट आणि उघडणारी साइट

"सर्टिफिकेट रद्द झालं की ब्राउझर साइट उघडतच नाही."

उघडतो हो! काही वर्षांपूर्वी अंधेरीच्या ऑफिसात आमच्या साइटची प्रायव्हेट की लीक झाली, सर्टिफिकेट लगेच रद्द करून घेतलं, मग फायरफॉक्समध्ये तपासताना सर्टिफिकेट रद्द आहे का ते ब्राउझरला सांगणारा ओसीएसपी सर्व्हर फायरवॉलवर मुद्दाम ब्लॉक केला तर दोनेक सेकंद थांबून साइट कुलपासकट उघडली. फायरफॉक्सची `security.OCSP.require` ही सेटिंग `true` केली तेव्हा कुठे एरर आली.

ओसीएसपीला विचारणारा ब्राउझर उत्तर नाही आलं तर सर्टिफिकेट चांगलंच धरून चालतो, कारण अडवलं तर हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पेजसुद्धा उघडणार नाही, तिथे लॉगिनआधी ओसीएसपीपर्यंत पोचताच येत नाही ना. पण मध्ये बसलेला चोरही तेच उत्तर अडवू शकतो! म्हणून रद्द सर्टिफिकेटांची यादी आधीच ब्राउझरमध्ये उतरवलेली असणं मला जास्त भरवशाचं वाटतं.