‘आजच्या आज’ लिहा, बाकी काही लिहू नका

चोपडा असो, यावल असो की पारोळा, मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानासाठी स्टेटसला कॅप्शन टाकायचं म्हटलं की एक पथ्य पाळा. वाचणाऱ्याला आनंद झाला पाहिजे, माहिती मिळता कामा नये. ‘सर्व मोबाईलचे डिस्प्ले फक्त ३० मिनिटांत! १००% ओरिजिनल! १ वर्ष गॅरंटी!’ एवढं पुरे. खाली आगीचे दोन इमोजी आणि ‘खान्देशात नंबर १’. हा नंबर दिला कोणी, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

३० मिनिटांचा आकडा तसा खोटाही नाही, हीच त्यातली मजा. सराईत हात असेल तर फोनच्या कडा गरम करून जुना फोल्डर, म्हणजे काच, टच आणि डिस्प्लेचा एकत्र संच, उचलायला आणि नवा बसवायला साधारण तेवढाच वेळ लागतो. वेळ लागतो तो पुढच्या कामांना, आणि ती कॅप्शनमध्ये लिहायची नसतात. चौकटीतला जुना गम आणि काचेचे कण खरवडून काढायचे असतात. नवा फोल्डर चिकटवण्याआधी नुसता जोडून तपासायचा असतो. नंतर बारीक रेघेत गम सोडून, क्लिपा किंवा रबर लावून फोन निदान दीड-दोन तास दाबून ठेवायचा असतो. हा गम काही मिनिटांत सुकल्यासारखा वाटतो, पण पूर्ण पकड धरायला त्याला एक ते दोन दिवस लागतात. तुम्ही मात्र अर्ध्या तासात फोन गिऱ्हाईकाच्या हातात द्या. मे महिन्यात दुपारी तो खिशात घालून मोटरसायकलवर गावाला निघेल आणि संध्याकाळपर्यंत डिस्प्लेचा एक कोपरा वर आलेला असेल. त्याचा फोन आला की एवढंच म्हणायचं, ‘ऊन किती आहे ना भो!’ जळगाव जिल्ह्यात हे कारण कोणी नाकारू शकत नाही.

‘सर्व मोबाईल’ हे शब्दही सोडू नका. दुकानात चालू दहा-पंधरा मॉडेलचेच फोल्डर असतात आणि बाकीचे जळगावहून, गोलाणी मार्केटमधून मागवावे लागतात, हे गिऱ्हाईकाला कळून काय उपयोग? दुपारी ४ वाजता आलेला फोन आज होणार नाही, पाण्यात पडलेल्या किंवा पूर्ण बंद पडलेल्या फोनला आजचं वचन देताच येत नाही, हेही लिहू नका. बंद फोनमध्ये शॉर्ट आहे की आयसी गेली, ते उघडून पुरवठा लावून पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. पण ‘तपासून सांगतो’ असं लिहिलेलं कॅप्शन शेअर कोण करणार?

आता खरी कला, म्हणजे ‘ओरिजिनल’. हा शब्द जितका मोठ्या अक्षरात तितका चांगला.

समजा, अडावदहून एक दादा आले. फोनचा पडदा अमोलेड जातीचा, बोटाचा सेन्सर पडद्याच्या आत, वरची काच फुटलेली आणि आत हिरवी रेघ. तुमच्याकडे त्याला बसणारे दोन माल आहेत. एक टीएफटी, समजा १,६०० रुपयांचा. दुसरा ओएलईडी, म्हणजे अमोलेडच्याच जातीचा, ४,२०० रुपयांचा. दादांनी विचारलं, ‘वरिजनल शे ना?’ तुम्ही म्हणा, ‘एकदम.’ कुठला, हे त्यांनी विचारलेलं नाही. टीएफटी लावा, पैसे २,८०० घ्या.

पडदा लागेल, चित्र दिसेल, टच चालेल. दादा काउंटरवर खूश होतील. घरी गेल्यावर बोट लावतील आणि फोन उघडणार नाही. याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. अमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे पडद्याच्या मागे वेगळा दिवा लागत नाही. सेन्सर खाली बसतो आणि ठिपक्यांच्या फटींतून बोट पाहतो. टीएफटीमध्ये मागे बॅकलाइटचा अख्खा थर असतो, म्हणजे सेन्सरच्या डोळ्यांवर गोधडी पांघरल्यासारखं. सेन्सर बिघडलेला नाही, सेटिंगही चुकलेलं नाही, आणि चारदा बोट नव्याने नोंदवलं तरी तो चालणार नाही. पण ‘अपडेट आलं की चालेल’ असं सांगून पंधरा दिवस सहज निघतात.

दुसरी खूण रात्री दिसते. काळा भाग खरा काळा न दिसता राखाडी दिसतो, कारण मागचा दिवा कायम पेटलेला असतो. तिसरी खूण बोटाने कळते. टीएफटीचा फोल्डर बहुधा जाड असतो, म्हणून कड चौकटीच्या वर राहते आणि कव्हर घालताना-काढताना तिथेच अडकते. या तिन्ही खुणा ज्याला माहीत आहेत असं गिऱ्हाईक आलं तर त्याला शेजारच्या दुकानात पाठवा. असल्या माणसाशी धंदा होत नाही.

टीएफटी लावणं हा काही गुन्हा नाही, बरं का. फोन पाच वर्षांचा असेल, बोटाऐवजी पॅटर्न चालत असेल, तर १,६०० चा पडदा शहाणपणाचाच. फक्त ते आधी सांगावं लागतं, आणि सांगितलं की माणूस विचार करतो. विचार करणारा माणूस काउंटर अडवून बसतो.

आता गॅरंटी. ‘१ वर्ष’ लिहा, पण कशाची ते लिहू नका. बिल देऊच नका. द्यावंच लागलं तर ‘डिस्प्ले – १’ एवढंच लिहा. फोल्डरच्या मागे तारखेचा स्टिकर लावू नका, नाहीतर तीन महिन्यांनी आलेला फोल्डर तुमचाच की दुसऱ्या दुकानातून बदललेला, हे दोघांनाही कळेल. संदिग्धतेत जी मोकळीक आहे ती लेखी अटीत कुठली?

या मोकळिकीचा सर्वात मोठा फायदा काळ्या डागाच्या वेळी होतो. तीन आठवड्यांनी दादा परत येतात. काच शाबूत, पण कोपऱ्यात शाईसारखा डाग आणि रोज वाढतोय. दादा म्हणतात, ‘पडना नही, काही नही.’ तुम्ही म्हणता, ‘दाबला असणार.’ दोघेही खरे असू शकतात. मागच्या खिशात फोन ठेवून बसलं की वरची काच टिकते आणि आतला पडदा जातो. पण त्याच डागाची आणखी दोन कारणं असतात आणि ती दुकानात जन्मतात. पडल्यामुळे चौकट कोपऱ्यात वाकलेली होती, ती सरळ न करता नवा फोल्डर दाबून बसवला, की कोपऱ्यावर सतत ताण येतो. किंवा बॅटरी फुगू लागली होती, ती न पाहता वर पडदा चिकटवला, की बॅटरी खालून रोज थोडी ढकलते. म्हणून उघडलेला फोन सपाट काचेवर ठेवून चौकट पाहायची आणि बॅटरीवरून बोट फिरवायचं, हे दोन मिनिटांचं काम आहे. ते केलंत आणि बिलावर ‘कोपरा वाकलेला, ग्राहकाला दाखवला’ असं लिहिलंत, तर पुढच्या भांडणातला सगळा रस जाईल. त्यामुळे करू नका.

भिंतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी हवीच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष माल किंवा सेवा दिल्यावर परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांची मुदत कायद्यानेच दिली आहे. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, ही बातमी मात्र दुकानाबाहेर जाऊ देऊ नका.

काही हट्टी दुकानदार भलतंच कॅप्शन टाकतात. धोका ओळखता यावा म्हणून नमुना खाली दिला आहे. असलं काही चुकूनही टाकू नका.

‘डिस्प्ले बदलणं आजच्या आज: दुपारी १ पर्यंत फोन द्या, संध्याकाळी ६ नंतर न्या. मॉडेलचा फोल्डर दुकानात आहे का, ते आधी फोन करून विचारा. नसेल तर उद्या. पाण्यात पडलेला किंवा बंद फोन: आधी तपासणी, मग वेळ आणि खर्च सांगू. टीएफटी १,६०० रुपये, वॉरंटी ३ महिने, पडद्यातलं फिंगरप्रिंट चालणार नाही. ओएलईडी ४,२०० रुपये, वॉरंटी ६ महिने, फिंगरप्रिंट तुमच्यासमोर तपासून देऊ. वॉरंटीत: टच आपोआप बंद होणं, पडदा लुकलुकणं, मार न लागता रेघ येणं, कड सुटणं. फोल्डर आणि मजुरी दोन्ही मोफत, मुदत पहिल्या बिलाच्या तारखेपासूनच. वॉरंटीत नाही: फुटणं, दाबाचा डाग, पाणी, दुसरीकडे उघडलेला फोन. फोन उघडल्यावर कंपनीचं पाणीरोधक सील राहत नाही. पहिले दोन दिवस उन्हात आणि मागच्या खिशात ठेवू नका.’

वाचून कंटाळा आला ना? एक इमोजी नाही. वर हे लोक गम लावण्याआधी फोन गिऱ्हाईकाच्याच हातात देतात. सॅमसंग असेल तर *#0*# डायल करून चाचणीचा पडदा उघडतात आणि लाल, हिरवा, निळा रंग दाखवतात. इतर फोनमध्ये एखादा आयकॉन धरून पडद्याच्या चारी कडांपर्यंत ओढायला सांगतात. कुठे निसटला तर तिथला टच मेला, फोल्डर बदलायचा. चिकटवण्याआधी तो पुरवठादाराला परत जातो, चिकटवल्यावर कोणी घेत नाही. मग समोरचा स्पीकर, सेल्फी कॅमेरा आणि कानाजवळ नेल्यावर पडदा विझवणारा सेन्सर तपासतात, कारण नवा फोल्डर बसवताना याच जागा झाकल्या जातात.

अशा दुकानाचे हाल बघा. सकाळी ११ ला गिऱ्हाईक येतं आणि आल्याआल्या म्हणतं, ‘ते ४,२०० वालं टाका.’ घासाघीस नाही. रेघ आलीच तर तो बिल घेऊन येतो, दुकानदार स्टिकरवरची तारीख बघतो, चौकट बघतो, फोल्डर बदलतो आणि माणूस चहासुद्धा न घेता बस गाठतो. दुकानासमोर आरडाओरडा नाही, म्हणून बघ्यांची गर्दी नाही, आणि गर्दी नसलेल्या दुकानाला बाजारात चालू दुकान म्हणणार कोण?