‘बहुतेक’ घालून भागत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘कुत्री भुंकतात’ यासारखं वाक्य एखादं कुत्रं मुकं असलं तरी खरंच राहतं, मग त्याचा नेमका अर्थ काय, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली:

“पंचवीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे. ‘कुत्री भुंकतात’ म्हणजे ‘बहुतेक कुत्री भुंकतात’, विषय संपला. ‘बहुतेक’ आवडत नसेल तर टक्का ठरवा, सत्तर ठेवा नाहीतर तीस. एका मुक्या कुत्र्यावरून तुम्ही राईचा पर्वत केला आहे. भाषा सैल असते, गणित नसतं.”

सर, नमस्कार. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमचं अर्धं म्हणणं मला पटलं होतं आणि उरलेलं अर्धं नेमकं का पटत नाही ते मांडायचं होतं.

मुक्या कुत्र्याचं उदाहरण कच्चं होतं, मान्य. बसेंजी नावाची आफ्रिकेतली जात सहसा भुंकत नाही, आणि त्याने ‘कुत्री भुंकतात’ या वाक्याला ओरखडाही उठत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत ‘बहुतेक’ खपून जातं. म्हणूनच तिथे अडचण दिसत नाही. तेव्हा कुत्री सोडून कासवांकडे या.

मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं येतात. येतात म्हणजे माद्या येतात. रात्री वाळूत खड्डा करायचा, शंभरेक अंडी घालायची, वाळू लोटायची आणि परत समुद्रात जायचं. नराला किनाऱ्यावर काही काम नसतं. पिल्लं बाहेर पडतात, पण त्यांतली फारच थोडी वयात येईपर्यंत जगतात. आता ‘कासवं अंडी घालतात’ हे वाक्य घ्या. शाळेतलं पोरगंही ते खरं म्हणेल. पण जन्मलेल्या कासवांपैकी अंडी घालणारी किती? नर वजा करा, लहानपणीच मेलेली वजा करा. उरतात त्या मूठभर माद्या. म्हणजे ‘बहुतेक’ इथेच गळालं.

तुम्ही म्हणाल, मग टक्का खाली आणू. आणा. तीस, दोन, अर्धा, कुठेही ठेवा. अंडी घालणारं प्रत्येक कासव मादी असतं, म्हणजे अंडी घालणाऱ्यांचा संच हा माद्यांचा उपसंच. जी रेषा उपसंचाने ओलांडली ती मोठ्या संचाने आधीच ओलांडलेली असणार. मग तुमच्या हिशेबाने ‘कासवं अंडी घालतात’ खरं ठरलं, की त्याच क्षणी ‘कासवं मादी असतात’ हेही खरं ठरायला हवं. ते तर कुणीच मान्य करणार नाही. गंमत अशी, की हे नुसतं ‘बहुतेक’ला लागू नाही. ‘काही’, ‘पुष्कळ’, ‘सगळी’, ‘निदान तीस टक्के’ या सगळ्यांची प्रकृती एकच: गुणधर्माचा संच मोठा केला तर खरं वाक्य खोटं होत नाही. कासवांच्या जोडीत मात्र ते होतं. तेव्हा भांडण कोणत्या आकड्याचं नाहीच. असा कुठलाही आकडा इथे बसत नाही.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो तुम्हीही घ्याल. अंड्यांचा विषय असेल तेव्हा फक्त माद्याच मोजायच्या, मग टक्का भरपूर येतो. बरोबर. पण तेवढ्याच माद्या मोजून ‘कासवं मादी असतात’ तपासलं तर शंभर टक्के येतात! एका वाक्यात नर बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्यात आत घ्यायचे, हे ठरवतं कोण? भाषाशास्त्रज्ञ एरियल कोहेन यांनी नव्वदच्या दशकात याचं एक देखणं उत्तर दिलं. गुणधर्माचे पर्याय बघा, असं ते म्हणतात. अंडी घालण्याला पर्याय म्हणजे पिल्लांना जन्म देणं. यांपैकी काहीतरी करणारेच प्राणी मोजायचे, म्हणून नर आपोआप गळतात. मादी असण्याला पर्याय म्हणजे नर असणं, म्हणून तिथे सगळेच मोजले जातात. कासवांपुरतं हे उत्तर मला अजूनही आवडतं.

डास मात्र ते बिघडवतात. ‘डास मलेरिया पसरवतात’ हे खरं. पसरवतात फक्त ॲनोफिलिसच्या माद्या, आणि त्यांतही ज्यांच्या अंगात जंतू पोचला आहे तेवढ्याच. पर्यायांची युक्ती लावून फक्त रोग पसरवणारे डास मोजू. पण ‘डास डेंग्यू पसरवतात’ हेही तितकंच खरं आहे, आणि तो पसरवणारे डास वेगळे, एडिस वंशाचे. एकाच ढिगाऱ्यात ॲनोफिलिसही निम्म्याहून जास्त आणि एडिसही निम्म्याहून जास्त, हे कसं जमणार? कोहेन यांनी अशा वाक्यांसाठी दुसरा, तुलनेचा अर्थ मानला: इतर कीटकांच्या मानाने डासांत हा गुण जास्त. तत्त्वज्ञ सेरा-जेन लेस्ली यांनी २००८ मध्ये वेगळी वाट धरली. गुण धोक्याचा असेल तर थोडी उदाहरणंही मनाला पुरतात, फक्त उरलेल्यांमध्येही तशी क्षमता आहे असं वाटायला हवं. मला हे जास्त पटतं. मात्र यात मोजणी मागे पडते आणि ऐकणाऱ्याचं मन पुढे येतं, हे तुम्हाला रुचणार नाही याची कल्पना आहे.

तुम्हाला ‘बहुतेक’ का ऐकू येतं, त्यालाही आधार आहे. २०१० साली मानसशास्त्रज्ञ अँड्रे चिंपियन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कमी टक्केवारी सांगितली तरी लोक असं वाक्य मान्य करतात, पण तेच वाक्य आधी ऐकवलं तर टक्केवारी खूप जास्त असणार असं धरून चालतात. म्हणजे आत जाताना दार मोठं, बाहेर येताना लहान. तुम्ही बाहेर येण्याचं दार बघून अर्थ लावलात.

शेवटी ‘भाषा सैल असते’ याबद्दल. तुमचंच वाक्य बघा. ‘भाषा सैल आहे’ असं न लिहिता तुम्ही ‘असते’ लिहिलंत, आणि अगदी बरोबर लिहिलंत. मराठीत हा फरक क्रियापदातच बसलेला आहे. आमच्या गल्लीत सध्या सहा कुत्री आहेत, सहाही काळी. ‘आमच्या गल्लीतली कुत्री काळी आहेत’ हे मी खुशाल म्हणेन. ‘आमच्या गल्लीतली कुत्री काळी असतात’ म्हटलं तर शेजारी विचारतील, का हो, पाण्यात काही आहे का? शंभर टक्के असूनही ‘असतात’ चालत नाही, कारण ती सहा काळी निघाली हा योगायोग आहे.

आता पुन्हा कासवं. वाळूच्या ज्या तापमानात अंडी उबतात त्यावर समुद्री कासवांचं लिंग ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या वयात न आलेल्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या. ‘तिथली पिल्लं हल्ली मादी असतात’ हे वाक्य कानाला खटकत नाही, कारण मागे तापलेली वाळू आहे. टक्का आमच्या गल्लीचा जास्त आहे.