थकबाकी शून्य, मग वसुलीची पोरं फिरतायत कुणाकडे?

आज दुपारी मैत्रिणीचा फोन आला. तिच्या ऑफिसात पुढच्या महिन्यापासून मासिक अहवाल मराठीत करायचा ठरलंय. काम नव्या मुलीच्या गळ्यात पडलं आणि वर साहेब म्हणाले, "हेडिंगंच तर बदलायचीत, संध्याकाळपर्यंत देऊन टाक." तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

अहवाल मराठीत हवाच, त्याबद्दल तुम्हाला काही पटवायची गरज नाही. ज्यांच्या सहीवर संस्था चालते त्यांना कागद वाचता आला पाहिजे. माझा राग त्या "हेडिंगंच तर" वर आहे.

लालबागकडच्या एका पतसंस्थेत मी हिशेबाला होते तेव्हाची गोष्ट. तिथे संचालक मंडळापुढे जाणारा अहवाल पहिल्यांदाच मराठीत आला होता. आमचे एक जुने संचालक होते, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. जन्म गिरणीत गेलेला माणूस. इंग्रजी कागदावर ते मुकाट्याने सही करायचे, पण त्या दिवशी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचत होते. मध्येच थांबले आणि म्हणाले, "थकबाकी शून्य? मग आपली वसुलीची पोरं उन्हातान्हात फिरतायत कुणाकडे?"

सभेत कुणाला काही सुचेना. येणे कर्ज ४ कोटी २० लाख, त्याखाली थकबाकी शून्य, त्याखाली थकबाकीचं प्रमाण शून्य टक्के. कागद एकदम स्वच्छ. कुठे लाल खूण नाही की एरर नाही.

घडलं होतं ते असं. सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या डेटात कॉलमांची जागा अधूनमधून बदलायची. म्हणून ज्याने कुणी अहवालाची एक्सेल फाईल बांधली होती, त्याने थकबाकीचा कॉलम हेडिंगच्या नावाने शोधायला लावला होता:

```
=IFERROR(SUM(INDEX(Loans,0,MATCH("Overdue",Loans[#Headers],0))),0)
```

हेडिंग मराठी झालं, पण अवतरणचिन्हांतलं `Overdue` तसंच राहिलं. त्या नावाचा कॉलम सापडेना, म्हणजे MATCH ने `#N/A` द्यायला हवं होतं. पण बाहेर IFERROR बसलेला. एरर आली की शून्य दाखव, एवढंच त्याला सांगितलेलं, आणि त्याने ते दाखवलं. बाहेरचा डेटा एक्सेलमध्ये आणणारी पॉवर क्वेरीसुद्धा कॉलम नावानेच ओळखते, पण नाव सापडलं नाही तर निदान अडून बसते आणि एरर दाखवते. इथे सगळं गुपचूप.

वरचा येणे कर्जाचा आकडा मात्र बरोबर होता. त्याचा फॉर्म्युला साधा `=SUM(Loans[Outstanding])` असा होता, आणि टेबलचं हेडिंग जागच्या जागी बदललं की अशा फॉर्म्युल्यातलं नाव एक्सेल स्वतः बदलतं. ही सोय चांगली आहे, मान्य. पण तिच्यामुळेच गाफील राहायला होतं. दहा आकडे आपोआप सुधारले की अकरावाही सुधारला असेल असं वाटतं. अवतरणचिन्हांतल्या शब्दाला एक्सेल हात लावत नाही.

पुढचा प्रकार तर याहून वाईट. मॅनेजरनी सभेतच लॅपटॉप ओढला, फॉर्म्युल्यात `Overdue` च्या जागी `थकबाकी` टाइप केलं आणि एंटर मारलं. थकबाकी ४ कोटी २० लाख! प्रमाण शंभर टक्के. म्हणजे एका मिनिटापूर्वी एकही कर्ज थकलेलं नव्हतं, आणि आता झाडून सगळी थकली.

कारण डेटाच्या टेबलमध्ये Outstanding आणि Overdue या दोन्ही हेडिंगांना मराठी शब्द एकच दिला होता, थकबाकी. एका टेबलात एकाच नावाचे दोन कॉलम एक्सेलला चालत नाहीत. दुसऱ्याला त्याने न विचारता `थकबाकी2` करून टाकलं. टेबलात असा शेपटीला आकडा दिसला की समजा, दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव मिळालंय. प्रमाणाच्या सेलवर फॉर्म्युल्याची टीप होती, तिचंही मराठी झालेलं: "थकबाकी भागिले थकबाकी". टाइप करताना नाही, तपासताना नाही, प्रिंट काढतानाही ती कुणी वाचली नाही. पतसंस्थेत काम करणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की कर्जदाराकडून अजून यायचं ते सगळं येणे कर्ज, आणि त्यातला मुदत उलटून गेलेला भाग तेवढा थकबाकी. खरी थकबाकी निघाली ३१ लाख ५० हजार. साडेसात टक्के.

आणि बोलणी कुणाला बसली? ज्या पोराने हेडिंगं बदलली त्याला, सगळ्यांसमोर. त्याच्या हातात इंग्रजी शब्दांची यादी दिली होती आणि मराठी लिहून आण म्हणून सांगितलं होतं. फाईलच्या आत त्याच शब्दांवर आकडे टांगलेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वेळी फक्त भाऊ त्याला म्हणाले, "बाळा, तुझ्यामुळे मी पहिल्यांदा अहवाल वाचला." हे लिहितानाही गलबलून येतंय.

मैत्रिणीला मी सांगितलं तेच इथे लिहिते. टेबलची हेडिंगं भाषेत ठेवूच नका. तिथे `OS`, `OD` असे छोटे कोड कायमचे ठेवा आणि फॉर्म्युले त्या कोडवर चालवा. शब्दांचं वेगळं शीट करा, त्यात कोड, इंग्रजी नाव, मराठी नाव आणि एका वाक्यात अर्थ. छापायच्या शीटवरची हेडिंगं तिथून उचला. टेबलच्या स्वतःच्या हेडिंगमध्ये फॉर्म्युला चालत नाही, म्हणून छापायचं शीट वेगळंच लागतं. ऑडिटरला इंग्रजी हवं असतं, हेही खरं. अशा फाईलमध्ये भाषा निवडायचा एक सेल ठेवला, तर तो बदलला की तेही मिळतं.

जुनी फाईल असेल तर Ctrl+F उघडा, `"` शोधा, Within मध्ये Workbook आणि Look in मध्ये Formulas निवडा, मग Find All. दिसणाऱ्या शीटांवरच्या फॉर्म्युल्यांत अवतरणात अडकलेले शब्द समोर येतील. हेडिंगवर नजर टाकायच्या आधी ही यादी काढा. IFERROR मधलं शून्यही काढा, त्या जागी "कॉलम सापडला नाही" असं लिहा. अहवाल कुरूप दिसेल. दिसू दे.

मग शेवटच्या इंग्रजी महिन्याचाच डेटा मराठी फाईलमध्ये घाला आणि दोन्ही अहवाल एकमेकांतून सेलनिहाय वजा करा. आकड्याच्या प्रत्येक सेलमध्ये शून्य आलं पाहिजे. याला वेळ लागतो, आणि साहेब लोक तो द्यायला तयार नसतात, माहीत आहे. तरी मागून घ्या.

या वजाबाकीत आकडे पकडले जातात, नावं नाही. येणे कर्जाच्या आकड्यावर "थकबाकी" लिहिलं असलं तरी फरक शून्यच येणार. म्हणून हेडिंगं आणि टिपा आकडे झाकून, नुसती वाचून दाखवा, तीही वसुलीला जाणाऱ्या माणसाला आणि भाऊंसारख्या एखाद्या संचालकाला. प्रत्येक ओळीत काय मोजलंय ते त्यांना सांगू द्या. जिथे ते अडतील तो शब्द बदला, आणि त्यानंतरच प्रिंट काढा.