पुढचा डबा की मागचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : «साताऱ्यात बसून मेट्रोच्या डब्यांचा हिशोब कशाला? तुमचं वाचून स्वारगेटहून शिवाजीनगरला जाताना पुढचा डबा धरला, जिना समोरच आला. येताना पण पुढचाच धरला तर स्वारगेटला पार उलट्या टोकाला उतरलो. दोन मिनिटं वाचवायला एवढा खटाटोप, आणि सगळ्यांनी हेच केलं तर त्या दारात गर्दीच होणार.»

पुणे मेट्रोत चढतानाच असा डबा आणि दार धरावं की उतरायच्या स्थानकावर जिना समोर येईल, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं, त्यावरची ही प्रतिक्रिया. दादा, आधी तुमच्या परतीच्या प्रवासाचं बघू, कारण खरी गोम तिथं आहे.

«पुढचा डबा चांगला» असा नियम कुठंच नसतो. चांगली जागा ठरते ती उतरायच्या स्थानकावरून, आणि गाडी त्या स्थानकात कुठल्या दिशेनं शिरते त्यावरून. तुम्ही गेलात तेव्हा गाडी उत्तरेकडे चालली होती. पुढचा डबा धरून जिना समोर आला, म्हणजे तुम्हाला हवा तो जिना शिवाजीनगरच्या फलाटाच्या उत्तर टोकाकडे होता. येताना गाडी दक्षिणेकडे निघाली आणि तिचं तोंड बदललं. शिवाय आता शिवाजीनगरच्या जिन्याशी तुमचा संबंधच उरला नव्हता. आता प्रश्न होता स्वारगेटला एसटी स्टँडकडे जाणारी वाट फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे, एवढाच. पुढच्या डब्यातून उतरून तुम्हाला उलटं चालावं लागलं, म्हणजे तुमची वाट उत्तर टोकाला आहे आणि दक्षिणेकडे येणाऱ्या गाडीत त्यासाठी मागचा डबा हवा. एका फेरीत तुम्हाला दोन्ही स्थानकं कळली, फक्त ती दोन वेगळी उत्तरं आहेत.

म्हणून टिपून ठेवायचं ते असं: कुठलं स्थानक, कुठल्या दिशेची गाडी, पुढून कितवा डबा आणि त्यातलं कितवं दार. पुण्याची गाडी सध्या तीन डब्यांची आहे आणि प्रत्येक डब्याला एका बाजूला चार दारं, म्हणजे सगळी मिळून बारा. «जिल्हा न्यायालय, स्वारगेटकडून येताना, दुसरा डबा, तिसरं दार» एवढं मोबाईलवर लिहिलं की काम झालं. चढायच्या स्थानकावरचा खांब किंवा जाहिरातीचा फलक बघून जागा लक्षात ठेवू नका. फलाट गाडीपेक्षा बराच लांब असतो, आणि गाडी फलाटाच्या कुठल्या भागात थांबते ते प्रत्येक स्थानकावर वेगळं असू शकतं. टोकाला जाऊन उभं राहिलं तर गाडी अलीकडेच थांबते आणि पळापळ होते. दारांचा क्रम मात्र गाडीबरोबर जातो, तो बदलत नाही.

एक गोष्ट मूळ लेखात लिहायची राहिली होती. डबा बरोबर असला तरी बाजू चुकू शकते. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय, शिवाजीनगर ही भुयारी स्थानकं. तिथं दोन रुळांच्या मधे एकच फलाट आहे, आणि आपल्या गाड्या डाव्या रुळावरून धावतात, म्हणून दारं उजवीकडे उघडतात. गाडी वर आली की खडकी, दापोडीच्या बाजूला फलाट रुळांच्या बाहेर असतात आणि दारं डावीकडे उघडतात. स्वारगेटला ज्या दारातून चढलात त्याला चिकटून पिंपरीपर्यंत उभे राहिलात, तर उतरताना तुम्ही गर्दीच्या मागे. शिवाजीनगर गेलं की पलीकडच्या दाराशी सरकायचं.

आता दोन मिनिटांचं. चालण्यात खरंच फार वाचत नाही. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठ-सत्तर मीटर, म्हणजे मिनिटभराची चाल. वेळ खाते ती जिन्यापाशी लागणारी रांग. रुंद सरकत्या जिन्यावरून मिनिटाला ढोबळमानानं 80 ते 100 माणसं वर जातात. गाडीतून त्या टोकाला 200 माणसं उतरली, तर पहिला माणूस लगेच वर आणि शेवटचा दोन-अडीच मिनिटांनी. त्यात आधीची मिनिटभराची चाल धरा, साडेतीन मिनिटं झाली. जिल्हा न्यायालयाला भुयारातल्या मार्गावरून वरच्या वनाज–रामवाडी मार्गावर जायचं असेल, तर हीच साडेतीन मिनिटं पुढची गाडी मिळणं न मिळणं ठरवतात. ती गेली की पुढचीची वाट बघत आणखी काही मिनिटं, दुपारी त्याहून जास्त. संध्याकाळी परतताना स्वारगेटला आपली विनाथांबा एसटी भरून सुटताना दिसली की पुढच्या गाडीच्या रांगेत किती वेळ जातो, ते साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. म्हणून साताऱ्यात बसून हा हिशोब करतो. पुण्यात राहणारा रोज त्याच स्थानकावर उतरतो, त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. आपण महिन्या-दोन महिन्यांनी जाणार, तेही बहुतेक वेळा दवाखान्यासाठी किंवा कोर्टकचेरीसाठी, हातात पिशव्या घेऊन. लिहून ठेवायची गरज आपल्यालाच जास्त.

आमच्या शेजारच्या काकू गुडघ्याच्या उपचारासाठी पुण्याला जातात, जिल्हा न्यायालयाला मेट्रो बदलून. ते स्थानक तीस मीटरहून जास्त खोल आहे. त्यांना जिना चालत नाही, सरकत्या जिन्याची भीती वाटते, म्हणजे लिफ्टच. त्यांच्या मुलानं पहिल्या खेपेला लिफ्टसमोर उभं राहून कुठलं दार जवळ आलं ते बघितलं आणि आईच्या फाइलवर पेननं लिहून ठेवलं. आता त्या स्वारगेटलाच त्या दाराशी चढतात. उतरल्यावर गर्दीला आडवं जावं लागत नाही, हे त्यांच्यासाठी वेळेपेक्षा मोठं आहे. जिन्याची आणि लिफ्टची जागा वेगळी असते, तेव्हा टिपणही वेगळं ठेवावं. टोकियोत यासुयो फुकुई या बाईंनी 1990च्या दशकात लहान मूल घेऊन भुयारी स्थानकं पालथी घातली आणि कुठल्या डब्यासमोर जिना, लिफ्ट येते याचा तक्ता केला. तसे तक्ते आता तिथल्या फलाटांवर लागलेले असतात. आपल्याकडे लागेपर्यंत आपली वही.

गर्दीचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. एकाच दारात लोक कोंबले की गाडी जास्त वेळ थांबते आणि सगळ्यांचाच उशीर होतो. पण सगळे एकाच दारात जमत नाहीत, कारण प्रत्येक स्थानकाचा जिना वेगळ्या जागी आणि प्रत्येकाचं प्रवेशद्वार वेगळं. जिथं जमतात तिथं सोपा उपाय आहे. पुण्याच्या गाडीचे डबे आतून जोडलेले आहेत. मिळेल त्या मोकळ्या दारातून चढा आणि गर्दी विरळ झाली की आतूनच आपल्या दारापर्यंत चालत जा. सकाळच्या दाटीत हे जमत नाही, तेव्हा इतरांना ढकलत जाऊ नये. आणि ज्या दिवशी घाई नाही, त्या दिवशी मोकळा डबा धरावा. मीही तेच करतो.

गाडीला डबे वाढले की ही सगळी टिपणं पुन्हा करावी लागतील, कारण «दुसरा डबा» तेव्हा दुसऱ्याच जागी थांबेल. तोवर पुढच्या खेपेला स्वारगेटला मागच्या डब्यातून उतरा, आणि स्टँडकडच्या जिन्याला कुठलं दार अगदी समोर येतं ते इथं कळवा. पोवई नाक्यावरून पहाटेची एसटी धरणाऱ्या पुष्कळांना ते हवं आहे.