व्हिसाचं मेडिकल रखडवण्याची खात्रीशीर रीत

परदेशी जायचं ठरलं, अर्ज भरला, आता मेडिकल तेवढं राहिलं. एवढ्याशा गोष्टीवर गाडी अडेल असं तुम्हाला वाटत नाही, आणि नीट तयारी केली तर खरोखरच ती सहसा अडत नाही. ज्यांना ती अडवायचीच आहे त्यांच्यासाठी हा लेख. त्यातही, ज्यांना आठ-दहा वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा टीबी झाला होता आणि औषधं घेऊन जो पूर्ण बरा झाला, त्यांच्याइतकी उत्तम संधी कुणालाच नाही.

पहिली पायरी सोपी आहे. फॉर्मवर ‘पूर्वी कधी क्षयरोग झाला होता का?’ असा प्रश्न येईल, तिथे बेधडक ‘नाही’वर टिक करा. जुनी गोष्ट, कशाला उकरायची? मग छातीचा एक्स-रे निघेल. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसाच्या वरच्या भागात बहुधा एक पांढुरकी, ओढल्यासारखी रेघ मागे राहते. ती रेघ आणि तुमची टिक समोरासमोर ठेवून डॉक्टर बसतील. बरा झालेला टीबी हे व्हिसा नाकारण्याचं कारण नसतं, अडचण असते ती चालू असलेल्या टीबीची. पण खोटी माहिती देणं हे मात्र अगदी स्वतंत्र आणि भरभक्कम कारण आहे. कॅनडात त्यासाठी 5 वर्षांची बंदी बसू शकते. म्हणजे ज्या आजारानं काही बिघडणार नव्हतं, त्याच्या लपवालपवीनं सगळं बिघडवता येतं.

समजा, धीर झाला नाही आणि तुम्ही खरं सांगितलं. हरकत नाही, पुढेही वाव आहे.

डॉक्टर जुने कागद मागतील. हे डॉक्टर तुमचे नेहमीचे नव्हेत. त्या देशानं नेमून दिलेल्या पॅनेलवरचे आहेत, त्यांनी तुम्हाला आयुष्यात पाहिलेलं नाही आणि तुमच्या शब्दावर ते एक ओळही लिहिणार नाहीत. त्यांना मोजक्या गोष्टी हव्या असतात: उपचार कधी सुरू झाले, कधी संपले, कोणती औषधं किती मात्रेत दिली, सुरुवातीला आणि शेवटी थुंकीचा रिपोर्ट काय होता, जंतू औषधांना दाद देत होते का, उपचार पूर्ण झाल्याचा दाखला, आणि तेव्हाचे एक्स-रे. हे सगळं तारखेच्या क्रमानं लावून वर एका पानाचा गोषवारा ठेवला, तर डॉक्टरांचं काम पाच मिनिटांत आटोपेल. तसं होऊ देऊ नका. बावीस वर्षांचे कागद एकाच पिशवीत घ्या. त्यात दाताची बिलं, चष्म्याचा नंबर, मुलाचा रक्तगट असू द्या. टीबीचा दाखला त्या सगळ्याच्या मधोमध, चष्म्याच्या नंबराला टाचणी लावून.

स्कॅन करून पाठवायचं असेल तर फाइलला `IMG_2041.jpg` हेच नाव राहू द्या. `2016-08-03_chest_xray.dcm` असं नाव दिलं तर उघडण्याआधीच कळतं की आत काय आहे आणि कधीचं आहे. शिवाय `.dcm` म्हणजे एक्स-रे केंद्र सीडीवर देतं ती मूळ प्रतिमा. तिच्यात उजेड-अंधार कमीजास्त करून बारीक रेघही पाहता येते. त्याऐवजी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवून फोननं फोटो काढा. मागचं झाड, ग्रिलचे गज आणि तुमचं स्वतःचं प्रतिबिंब फुफ्फुसात उतरलं की निदान फारच रंजक होतं.

आता भाषांतर. इथे खरी कला आहे, म्हणून जरा सावकाश.

भाषांतर भाच्याकडून करून घ्या. त्याचं इंग्रजी फर्डं आहे आणि तो पैसे मागत नाही. कॅनडाला नातेवाइकानं केलेलं भाषांतर चालत नाही. अमेरिकेला भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याचं आणि आपण ते करायला सक्षम असल्याचं भाषांतरकाराचं सहीनिशी लेखी विधान लागतं. ब्रिटनला त्यासोबत तारीख, पूर्ण नाव आणि संपर्कही हवा असतो. या भानगडीत भाच्याला कशाला पाडायचं? कागद कोरा, सहीविना जाऊ द्या. तो परत आला की भाच्याला पुन्हा सांगता येईल.

भाच्याला एक गोष्ट बजावून सांगा: शिक्के, समासातली खरड, मागच्या बाजूचं हस्ताक्षर यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. चांगला भाषांतरकार शिक्क्याच्या जागी ‘गोल शिक्का’ असं लिहून त्यातला मजकूर देतो आणि जिथे अक्षर लागत नाही तिथे ‘अवाच्य’ लिहितो. भाच्यानं अंदाज करावा. अंदाजानं लिहिलेली औषधाची मात्रा वाचताना डॉक्टरांच्या भुवया जितक्या वर जातात, तितक्या ‘अवाच्य’ वाचून कधीच जात नाहीत.

मग शब्द. मूळ कागदावर ‘उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण’ असं आहे. आपल्याकडे व्रण म्हणजे भरलेल्या जखमेची खूण, आणि व्रण म्हणजे न भरलेली जखमही. भाच्यानं शब्दकोश उघडून पहिला अर्थ उचलला आणि ‘अल्सर’ लिहिलं, की भरून आलेलं फुफ्फुस कागदावर पुन्हा फाटलं. ‘डाग’ला तो कपड्यावरच्या डागाचा शब्द वापरेल, ते निदान निरुपद्रवी तरी आहे.

याहून सरस युक्ती दाखल्यावर चालते. तिथे ‘उपचार पूर्ण’ असं लिहिलेलं असतं. भाच्याला वाटतं, हे जरा कोरडं दिसतंय, काकांचं भलं करूया, आणि तो ‘रोगमुक्त’ लिहितो. टीबीच्या नोंदींत हे दोन वेगळे निकाल आहेत. सुरुवातीला जंतू सापडले होते आणि उपचाराच्या शेवटी थुंकी तपासून ते नाहीत असं दिसलं, तरच ‘रोगमुक्त’. औषधं पुरी झाली, उपचार फसल्याची काही खूण नाही, पण शेवटच्या तपासणीचा पुरावा नाही, तेव्हा ‘उपचार पूर्ण’. आता डॉक्टर शेवटचा थुंकीचा रिपोर्ट मागणार, तो कधी झालाच नव्हता, आणि मूळ कागद शेजारी ठेवल्यावर भाषांतर खोटं ठरणार. एका प्रेमळ शब्दानं बाकीच्या तेरा पानांवरचाही विश्वास उडतो.

औषधांची नावं गोळीच्या पाकिटावरची तशीच ठेवा. परदेशात ते नाव कुणी ऐकलेलं नसतं. आतल्या औषधांची नावं, म्हणजे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल, दिली तर जगातल्या कुठल्याही छातीच्या डॉक्टरला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने दोन, हा नेहमीचा सहा महिन्यांचा कोर्स एका नजरेत ओळखता येईल. ‘एटीटी दिले’ एवढंच लिहिणं सगळ्यात उत्तम. संक्षेप म्हणजे वाचणाऱ्याला घातलेलं कोडंच की.

आणि तारखा आकड्यांतच ठेवा. उपचार सुरू 03/08/2016, संपले 05/02/2017. तुमच्या हिशेबानं 3 ऑगस्ट ते 5 फेब्रुवारी, सरळ सहा महिने. अमेरिकी पद्धतीनं महिना आधी वाचणाऱ्याला हेच 8 मार्च 2016 ते 2 मे 2017 दिसतं, म्हणजे जवळजवळ चौदा महिने. साधा टीबी चौदा महिने कशाला चालेल? औषधं मधेच सोडली असतील, नाहीतर जंतू औषधांना दाद देत नसतील. दोन्ही शंका डॉक्टरांच्या दृष्टीनं गंभीर आहेत आणि दोन्हींचा जन्म दोन तिरक्या रेघांतून झाला. महिना अक्षरात लिहिला असता तर ही गंमत हुकली असती.

नाव राहिलंच. दाखल्यावर घरचं लाडकं नाव आणि वय ‘अंदाजे 30’, पासपोर्टवर पूर्ण नाव आणि जन्मतारीख. दोन्ही माणसं एकच असल्याचं पत्र त्या रुग्णालयाकडून घेऊ नका. डॉक्टरांना वाटू द्या की तुम्ही शेजाऱ्याचे कागद आणलेत.

एवढं केल्यावर थुंकीची तपासणी येणारच. खरं सांगायचं तर छातीवरची खूण टीबीसारखी दिसली की कागद कितीही चोख असले तरी ती बऱ्याचदा येते, अमेरिकेच्या नियमांत तर येतेच. चोख कागदांचा उपयोग वेगळा असतो: खूण जुनी आहे, बदललेली नाही, आणि आधी कोणती औषधं झाली, हे त्यांच्यावरून ठरतं. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यायचे असतात, शक्यतो सकाळी उठल्या उठल्या, खोल खोकून काढलेले. तुम्ही मात्र तोंडातली लाळ द्या. ती पातळ, फेसाळ, पाण्यासारखी असते, बेडका घट्ट आणि चिकट असतो. प्रयोगशाळेला डब्याचं झाकण उघडताच फरक कळतो.

पुढे त्या नमुन्यातून जंतू वाढतात का, हे पाहायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ जातो. टीबीचा जंतू आळशी आहे, एकाचे दोन व्हायला त्याला अठरा-वीस तास लागतात. ‘वाढ झाली नाही’ असं म्हणायला म्हणूनच एवढं थांबावं लागतं, आणि कुणाच्या ओळखीनं त्याचा वेग वाढत नाही. नमुन्यात दुसरेच जंतू माजले तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा विमानाचं तिकीट मेडिकलच्या पुढच्या आठवड्याचं काढा, परत न मिळणारं.

शेवटची युक्ती मात्र बरेच जण आधीच करून बसलेले असतात. जुना एक्स-रे शोधायला कपाट उघडावं, तर ती फिल्म सापडते, पण मागच्या सूर्यग्रहणात मुलांना बघायला म्हणून तिचा एक चौकोन कापलेला असतो. (ग्रहण एक्स-रेच्या फिल्ममधून बघणं डोळ्यांनाही घातकच, पण तो वेगळा लेख.) फिल्म समोर धरली की उजवं फुफ्फुस आपल्या डाव्या हाताला येतं. तो चौकोन डावीकडून, वरच्या कोपऱ्यातून कापलेला आहे.