प्रभागाची हद्द मिळू नये म्हणून पत्र कसं लिहावं

प्रभाग अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलात की हे भांडण लवकरच टेबलावर येतं. रस्त्याच्या अलीकडची घंटागाडी पलीकडचा कचरा उचलत नाही आणि पलीकडची म्हणते, ती गल्ली आमच्याकडे नाहीच. अधिसूचनेत हद्द शब्दांत दिलेली असते: अमुक चौकापासून नाल्याच्या मध्याने, पुढे रेल्वे लाइनीपर्यंत. ते चार वेळा वाचूनही भांडण मिटत नाही. मग एखादा उत्साही कनिष्ठ अभियंता सुचवतो, ‘साहेब, नगररचनेकडून डिजिटल हद्दच मागवू या.’ मागवा, जरूर मागवा. फक्त ती हाती पडणार नाही अशा बेताने मागवा. हद्द कळली की कचरा कोणाचा हेही कळतं, आणि त्यातला बराचसा तुमचा निघण्याची शक्यता असते.

सुरुवात विषयापासून करा. ‘विषय: प्रभागाच्या नकाशाची सॉफ्ट कॉपी मिळणेबाबत.’ यातला ‘सॉफ्ट कॉपी’ हा शब्द काही झालं तरी सोडू नका. भिंतीवरचा नकाशा स्कॅन करून केलेली पीडीएफ हीसुद्धा सॉफ्ट कॉपीच असते, आणि नगररचनेतल्या लिपिकाला ती पाठवणं सर्वांत सोपं पडतं. ‘प्रभाग’ म्हणजे नेमका कोणता, हेही मोघम ठेवा. 2017च्या निवडणुकीत आपल्या नागपुरात 38 प्रभाग आणि 151 जागा होत्या. त्याआधीची रचना वेगळी, जनगणनेचे वॉर्ड वेगळे आणि झोनची हद्द आणखी वेगळी. अधिसूचनेचा दिनांक पत्रात घातला नाही, तर यातली कोणतीही हद्द तुम्हाला सद्भावनेने पाठवता येते.

समजा समोरचा जरा तत्पर निघाला आणि त्याने कॅडची फाइल पाठवली. घाबरू नका. या फाइलींमध्ये बहुधा नुसत्या रेघा असतात. प्रभागाचा क्रमांक म्हणजे मधोमध ठेवलेला सुटा मजकूर, त्याचा रेघेशी काही संबंध नसतो. नाल्यापाशी रेघ दोन-चार मीटर उघडी राहिलेली असते. डोळ्याला ते दिसत नाही, पण संगणक अशा रेघेचा बंद बहुभुज करत नाही, आणि बहुभुज नाही तर अमुक घर आत की बाहेर, हे त्याला विचारताच येत नाही. शिवाय कागदाचा डावा खालचा कोपरा शून्य-शून्य धरून नकाशा काढलेला असेल, तर तुमचा प्रभाग पृथ्वीवर कुठेच नसतो.

खरी मजा मात्र नकाशावरच्या प्रत्येक जागेला आकड्यांत पत्ता देणाऱ्या निर्देशांक पद्धतीत आहे, म्हणून तिचा उल्लेख पत्रात चुकूनही नको. मीटरमध्ये काम करायचं तर पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे केलेले आहेत. 72 ते 78 अंश पूर्व रेखांशाचा पट्टा 43वा. मुंबई, पुणे, नाशिक त्यातच येतात, त्यामुळे राज्यातल्या बऱ्याच टेबलांवर EPSG:32643 हा कोड सवयीने टाकला जातो. नागपूर 79 अंशांच्या थोडं पुढे आहे, म्हणजे 44व्या पट्ट्यात, आणि त्याचा कोड EPSG:32644. गंमत अशी की दोन्ही पट्ट्यांतले आकडे दिसायला अगदी सारखे असतात. नागपूरच्या मध्यभागाचे 44व्या पट्ट्यातले निर्देशांक साधारण पूर्व 3,01,500 आणि उत्तर 23,39,500 येतात. हेच आकडे 43व्या पट्ट्याचे समजून उघडा. अक्षांश तोच राहतो, रेखांश बरोबर सहा अंशांनी पश्चिमेला सरकतो आणि तुमचा अख्खा प्रभाग, नाल्यासकट, सव्वासहाशे किलोमीटर दूर गुजरातेत बारडोलीजवळ जाऊन बसतो. घंटागाडी तिथे पाठवावी असा शेरा मारायला हरकत नाही.

हे घडवायला कष्ट काहीच नाहीत. हद्दी बहुधा ज्या स्वरूपात येतात ती शेपफाइल नावाला एक फाइल, प्रत्यक्षात ती एक टोळी असते: .shp, .shx, .dbf आणि बरोबर .prj. पट्टा कोणता, हे त्या शेवटच्या चिमुकल्या फाइलीत लिहिलेलं असतं. ‘फक्त .shp, .shx आणि .dbf मेल कराव्यात’ असं लिहा, की .prj आपोआप मागे राहते. मग आपल्याकडचा कोणीतरी सवयीने 43 लावतो.

फाइल बारडोलीला गेलेली दिसली की क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वाटा आहेत. `Set Layer CRS` मध्ये जाऊन 44 निवडलं की फक्त पाटी बदलते, आकडे तेच राहतात आणि प्रभाग निमूटपणे घरी येतो. ही वाट टाळा. त्याऐवजी `Reproject Layer` चालवा. त्यात चुकीच्या पाटीवर विश्वास ठेवून आकडेच नव्याने मोजले जातात, पूर्वेचा आकडा वजा सव्वातीन लाखांच्या आसपास जातो आणि वर 44ची अगदी बरोबर पाटी लागते. आता चूक कायम झाली. पुढे कोणी कागदपत्र तपासलं तरी कोड बिनचूक सापडेल. लेयरच्या माहितीत `Extent` या ओळीतला उणे आकडा पाहिला तर मात्र पितळ उघडं पडतं, तेव्हा ती ओळ कोणाला दाखवू नका.

सफाईचं कंत्राट क्षेत्रफळावर द्यायचं असेल, तर हद्द EPSG:3857 मध्ये मागवून घ्या. वेबवरच्या नकाशांची ही पद्धत. तिच्यात नागपूरच्या अक्षांशावर सपाट मोजणी केली की क्षेत्रफळ सुमारे 15 टक्क्यांनी फुगतं. कंत्राटदार आभार मानेल.

मराठीचा अभिमान असेल तर शेपफाइलमधल्या रकान्यांची नावंही देवनागरीतच हवीत असा आग्रह धरा. तिथे नावाला दहा बाइटांची मर्यादा, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. त्यामुळे ‘प्रभाग क्रमांक’ आणि ‘प्रभाग नाव’ या दोन्हींचं जेमतेम ‘प्र’ उरतं. सोबत अक्षरं कशी वाचायची हे सांगणारी .cpg फाइल नसेल, तर आतली गल्ल्यांची नावंही मंत्रासारखी दिसू लागतात.

सावधगिरी म्हणून, कोणतं पत्र लिहायचं नाही त्याचा नमुना खाली देतो. असं पत्र गेलं तर फाइल मिळण्याचा धोका आहे.

> प्रति, मा. सहायक संचालक, नगररचना. सोबत जोडलेल्या अधिसूचनेतील प्रभाग हद्दी, लगतच्या सर्व प्रभागांसह, बंद बहुभुज स्वरूपात मिळाव्यात. स्वरूप जिओपॅकेज (.gpkg), निर्देशांक पद्धत EPSG:32644. प्रत्येक बहुभुजास प्रभाग क्रमांक व अधिसूचनेचा दिनांक जोडलेला असावा. शेपफाइल देत असल्यास .shp, .shx, .dbf, .prj व .cpg या पाचही फाइली एकाच झिपमध्ये असाव्यात. मूळ नकाशा अन्य पद्धतीत असल्यास ती नमूद करावी. पडताळणीसाठी हद्दीवरील तीन चौकांचे निर्देशांक द्यावेत.

यातलं ‘लगतच्या सर्व प्रभागांसह’ हे फार घातक कलम आहे. शेजारी-शेजारी दोन प्रभाग वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी आखलेले असले, तर मधल्या रस्त्यावर चिंचोळ्या फटी आणि एकावर एक चढलेले तुकडे राहतात. फटीतली घरं कोणाचीच नसतात आणि चढलेल्या तुकड्यातली दोघांचीही. दोन्ही हद्दी एकत्र आल्या की संगणक हे तुकडे यादी करून दाखवतो, आणि तुमचं मूळ भांडण बहुधा त्यातल्याच एका तुकड्यात सापडतं.

इतकं करूनही बरोबर फाइल आलीच, तर ती उघडण्याआधी ‘अधिकृत सही-शिक्क्याची प्रत सादर करावी’ असं स्मरणपत्र पाठवा. नगररचना विभाग ती फाइल छापेल, सही करेल, शिक्का मारेल आणि स्कॅन करून पीडीएफ पाठवेल. पीडीएफ नस्तीला लावा.